धनादेशावरील तीन क्रमांक : कोणता क्रमांक कोणासाठी?

जुन्या पेढ्यांवर हुंडी लिहिताना रक्कम एकदाच लिहून भागत नसे. हुंडी हजार रुपयांची असेल, तर आधी आकडा, मग अक्षर आणि त्यापुढे ‘निमे पाचशेचे दुणे’ असे लिहिण्याची रीत होती. म्हणजे निम्मी रक्कम सांगून तिची दुप्पट मागायची. एका ठिकाणचा आकडा चुकला किंवा कुणी खोडून बदलला, तर दुसरा त्याला खोटे पाडत असे. ही चूक पकडण्यासाठी मुनिमाला कोणाला विचारावे लागत नसे. ती कागदावरच उघडी पडे.

आज त्याच घराण्यांतील पुढची पिढी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अकरा अक्षरांचा एक संकेत आणि बारा-चौदा अंकांचा एक क्रमांक टंकते, आणि लाखो रुपये अर्ध्या तासात दुसऱ्या गावी पोहोचतात. पण या अंकांतील कोणता अंक तपासला जातो आणि कोणता तपासला जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते ठाऊक नसल्यामुळे काय होते, याचे एक उदाहरण प्रथम पाहण्याजोगे आहे.

मार्केट यार्डातील एक दुपार

पुण्याच्या मार्केट यार्डातील एका किराणा पेढीने सांगलीच्या हळद व्यापाऱ्याकडून माल घेतला. बिलाची रक्कम १,८४,५०० रुपये. सांगलीच्या व्यापाऱ्याने नुकतेच चालू खाते बदलून एका खासगी बँकेत नेले होते. नवा खाते क्रमांक त्याने दूरध्वनीवर सांगितला आणि पेढीवरील लेखनिकाने तो बिलाच्या कोपऱ्यात उतरवून घेतला. क्रमांकाचे शेवटचे सहा अंक होते 004718. लेखनिकाने लिहिले 004781.

दुपारी एनईएफटीने पैसे गेले. पडद्यावर ‘व्यवहार यशस्वी’ असा संदेश उमटला. पावतीवर लाभार्थी म्हणून सांगलीच्या पेढीचेच नाव होते. लेखनिकाने पावतीचे छायाचित्र सांगलीला धाडले आणि वहीत नोंद करून टाकली.

तीन दिवसांनी सांगलीहून विचारणा झाली, “शेठजी, रक्कम अजून जमा नाही.” पुण्याहून उत्तर गेले, “पावती पाहा की, तुमचेच नाव आहे.” दोघेही खरे बोलत होते. पावतीवर नाव सांगलीच्या पेढीचेच होते, कारण ते नाव लेखनिकाने स्वतः टंकले होते. ते बँकेच्या दप्तरातून आलेले नव्हते. पैसे मात्र त्याच शाखेतील दुसऱ्याच एका व्यापाऱ्याच्या चालू खात्यात जमा झाले होते. त्याच्या खात्याचे शेवटचे अंक 4781 होते.

असे कसे झाले, हे समजण्यासाठी धनादेशाचे एक कोरे पान समोर ठेवावे. त्या एका पानावर तिन्ही क्रमांक सापडतात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. एमआयसीआर हा कागद वाचणाऱ्या यंत्रासाठी आहे, आयएफएससी हा पैशाला वाट दाखविण्यासाठी आहे, आणि खाते क्रमांक हा ज्या बँकेत खाते आहे तिच्या स्वतःच्या दप्तरासाठी आहे.

पानाच्या तळाची पांढरी पट्टी

धनादेशाच्या तळाशी एक कोरी पांढरी पट्टी असते आणि तिच्यावर काहीशा विचित्र वळणाचे अंक छापलेले असतात. ते चुंबकीय गुण असलेल्या शाईने छापतात, म्हणून त्यांना मॅग्नेटिक इंक कॅरॅक्टर रेकग्निशन, अर्थात एमआयसीआर म्हणतात. या पट्टीवर सही, शिक्का किंवा टाचणी येऊ देऊ नये, असे बँका सांगतात ते याचसाठी. शिक्क्याची शाई अंकांवर आली किंवा पट्टीला घडी पडली, तर यंत्राचे वाचन अडते आणि धनादेश हाती तपासावा लागतो.

पट्टीवर डावीकडून उजवीकडे चार गट असतात. पहिले सहा अंक धनादेशाचा क्रमांक. पुढचे नऊ अंक एमआयसीआर संकेत. त्यानंतर बहुधा सहा अंकांचा एक गट आणि शेवटी दोन अंक. पुष्कळ लोक यातील तिसऱ्या, सहा अंकी गटाला खाते क्रमांक समजतात. तो तसा नाही. बँकेने खात्याशी संबंधित अंतर्गत खूण म्हणून तो छापलेला असतो आणि प्रत्येक बँकेची त्याबाबतची रीत वेगळी असते. पैसे मागविण्यासाठी तो कोणालाही देऊ नये. शेवटचे दोन अंक धनादेशाचा प्रकार सांगतात: 10 म्हणजे बचत खाते, 11 म्हणजे चालू खाते, 13 म्हणजे कॅश क्रेडिट. देशभर कोठेही वटणाऱ्या धनादेशांवर याच तिघांसाठी अनुक्रमे 31, 29 आणि 30 असे अंक येतात. म्हणून एखाद्या ग्राहकाने दिलेला धनादेश त्याच्या पेढीच्या चालू खात्याचा आहे की घरच्या बचत खात्याचा, हे शेवटच्या दोन अंकांवरून लगेच ओळखता येते.

मधल्या नऊ अंकांचा अर्थ एका प्रत्यक्ष उदाहरणाने पाहता येईल. स्टेट बँक ऑफ इंडियाच्या मुंबई मुख्य शाखेचा एमआयसीआर संकेत 400002010 असा आहे. याचे तीन-तीन अंकांचे तीन तुकडे पाडावेत. पहिला 400 हा गावाचा. मुंबईच्या पिन कोडचे पहिले तीन अंकही तेच आहेत. पुण्याच्या शाखांचा संकेत त्याचप्रमाणे 411 ने सुरू होतो. दुसरा तुकडा 002 हा बँकेचा. स्टेट बँकेची कोणत्याही गावची शाखा घेतली तरी मधले अंक हेच. बँक ऑफ महाराष्ट्रचे 014 आणि एचडीएफसी बँकेचे 240. तिसरा तुकडा 010 हा त्या गावातील त्या बँकेच्या शाखेचा.

आता धनादेशाचा कागद गावोगाव फिरत नाही. जमा करणाऱ्या बँकेत त्याचे चित्र काढले जाते आणि ते चित्र पट्टीवरील अंकांसह पैसे देणाऱ्या बँकेकडे जाते. तरीही हे नऊ अंक निरुपयोगी झालेले नाहीत. डीमॅट खात्याच्या अर्जात लाभांश जमा होण्यासाठी बँकेचा तपशील मागतात, तेथे हेच नऊ अंक विचारले जातात. विम्याचा हप्ता किंवा कर्जाचा मासिक हप्ता खात्यातून परस्पर वळता करण्याच्या आदेशपत्रावरही त्यांच्यासाठी चौकट असते. पण एखाद्या व्यापाऱ्याला एनईएफटीने पैसे पाठविताना त्यांचा काहीच उपयोग नाही. तेथे दुसरा संकेत लागतो.

अकरा अक्षरांची वाट

हा दुसरा संकेत इंडियन फायनान्शियल सिस्टीम कोड, अर्थात आयएफएससी. तो धनादेशाच्या वरच्या भागात शाखेच्या पत्त्याजवळ छापलेला असतो. पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि खातेउताऱ्याच्या माथ्यावरही तो मिळतो. बहुतेक पासबुकांत त्याच्या शेजारीच एमआयसीआर असतो. कोणत्याही शाखेचा संकेत पडताळायचा असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सर्व शाखांची यादी उपलब्ध आहे.

मुंबई मुख्य शाखेचेच उदाहरण पुढे चालवायचे, तर तिचा आयएफएससी SBIN0000300 असा आहे. पहिली चार अक्षरे SBIN ही बँकेची. पाचवे स्थान नेहमी शून्याचे. ते पुढील काळातील गरजेसाठी राखून ठेवले आहे. उरलेली सहा स्थाने, येथे 000300, ही शाखेची. एमआयसीआरमध्ये याच शाखेची ओळख 010 अशी होती, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही संकेत एकाच शाखेचे असले, तरी ते वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामासाठी दिलेले आहेत. एकावरून दुसरा काढता येत नाही.

चार अक्षरांवरून बँक ओळखणे बहुधा सोपे असते, पण कधी कधी जुना इतिहास आड येतो. ॲक्सिस बँकेचे संकेत UTIB ने सुरू होतात, कारण २००७ पर्यंत त्या बँकेचे नाव यूटीआय बँक होते. नाव बदलले तरी संकेत तोच राहिला. त्यामुळे ॲक्सिस बँकेचे खाते सांगून UTIB हा संकेत देणाऱ्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

शेवटची सहा स्थाने बहुतेक बँकांत अंकांची असतात. मात्र ती अक्षरांचीही असू शकतात. बँक ऑफ बडोदाच्या संकेतात बहुधा तेथे गावाच्या किंवा भागाच्या नावातील अक्षरे येतात. अशा संकेतात गोल आकार दिसला की तो शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’ हा घोटाळा होतो. पाचव्या स्थानी मात्र प्रश्नच उद्भवत नाही. तेथे नेहमी शून्यच. सहकारी बँकांशी व्यवहार करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. काही लहान नागरी सहकारी बँका एखाद्या मोठ्या बँकेच्या मध्यस्थीने या व्यवस्थेत सहभागी झालेल्या आहेत. त्यांच्या संकेताची पहिली चार अक्षरे त्या मोठ्या बँकेची असतात. खाते गावच्या सहकारी बँकेत आणि संकेत मात्र HDFC ने सुरू होणारा, असे दिसले की पुष्कळ जण गोंधळतात. ती चूक नसते, पण एकदा शाखेत विचारून खात्री करून घेणे चांगले.

बँकांच्या विलीनीकरणात मात्र चार अक्षरे खरोखरच बदलतात. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून SYNB ने सुरू होणारे संकेत बंद होऊन त्यांच्या जागी CNRB ने सुरू होणारे आले. विजया आणि देना या बँका २०१९ च्या एप्रिलमध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या आणि त्यांचे जुने संकेत १ मार्च २०२१ पासून चालेनासे झाले. ज्या पेढ्यांच्या छापील बिलपुस्तकांवर अजून जुने संकेत आहेत, त्यांच्या ग्राहकांचे पैसे पाठवतानाच अडतात. पैसे बुडत नाहीत, पण देणाऱ्याला कारण मिळते आणि येणे लांबते. बिलपुस्तकाच्या तळाची ती एक ओळ पाहून घेण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आयएफएससी चुकला तर

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आयएफएससीमध्ये चूक झाली, तर काय होते? अस्तित्वातच नसलेला संकेत टंकला, तर बँकेची प्रणाली तो तिथल्या तिथे नाकारते, कारण सर्व शाखांची यादी तिच्यापाशी असते. चुकून दुसऱ्याच बँकेचा खरा संकेत टंकला गेला, तर रक्कम त्या बँकेकडे जाते. तेथे तसा खाते क्रमांक बहुधा नसतोच. अशा वेळी ज्या हप्त्यात रक्कम गेली, त्या हप्त्यानंतर दोन तासांच्या आत ती परत करावी, असा एनईएफटीचा नियम आहे. हे हप्ते दर अर्ध्या तासाने, दिवसाचे अठ्ठेचाळीस, १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस चालू आहेत. त्याच बँकेची दुसरी शाखा टंकली गेली, तर बहुधा काहीच बिघडत नाही. सर्व शाखांची खाती एकाच संगणकीय दप्तरात असल्यामुळे रक्कम खाते क्रमांकावरून बरोबर पोहोचते.

थोडक्यात, आयएफएससीतील चूक बहुतेक वेळा स्वतःच उघडी पडते. यादीशी ताडून पाहता येते म्हणून. खाते क्रमांकाची गोष्ट वेगळी आहे.

खाते क्रमांक कसा वाचावा

आयएफएससी आणि एमआयसीआर यांची रचना देशभर एकसारखी आहे. खाते क्रमांकाची तशी नाही. प्रत्येक बँकेने आपल्या संगणकीय दप्तरानुसार तो ठरविला आहे. स्टेट बँकेचा क्रमांक अकरा अंकी असतो. खातेउताऱ्यावर त्याच्यापुढे काही शून्ये जोडलेली दिसतात, ती पैसे मागविताना सांगण्याची गरज नसते. आयसीआयसीआय बँकेचा बारा अंकी, बँक ऑफ बडोदाचा चौदा अंकी, तर ॲक्सिस बँकेचा पंधरा अंकी. म्हणून समोरच्याने सांगितलेल्या क्रमांकाचे अंक मोजणे ही पहिली तपासणी. एक अंक कमी किंवा जास्त असेल, तर पुढे जाऊच नये.

काही बँकांचे क्रमांक उघडून वाचता येतात. आयसीआयसीआय बँकेच्या बारा अंकी क्रमांकात सर्वसाधारणपणे पहिले चार अंक ज्या शाखेत खाते उघडले तिचे, पुढचे दोन खात्याच्या प्रकाराचे आणि शेवटचे सहा अनुक्रमाचे असतात. प्रकाराच्या जागी 01 असेल तर बचत, 05 असेल तर चालू खाते. बँक ऑफ बडोदाच्या चौदा अंकी क्रमांकात पहिल्या चार अंकांनंतर 0100 आले तर बचत आणि 0200 आले तर चालू. पेढीच्या नावाने बिल देणाऱ्याने बचत खात्याचा क्रमांक दिला असेल, तर या अंकांवरून ते कळते आणि विचारणा करता येते. मात्र खाते नंतर दुसऱ्या शाखेत हलविले, तरी क्रमांक बहुधा तोच राहतो. त्यामुळे पहिल्या अंकांवरून काढलेली शाखा ही खाते उघडलेली शाखा असते, सध्याची असेलच असे नाही.

येथेच सांगलीच्या प्रकरणाचा उलगडा होतो. लेखनिकाने आयएफएससी बरोबर टंकला होता, म्हणून रक्कम योग्य बँकेत गेली. क्रमांकाचे अंक पूर्ण होते. शाखेचे आणि प्रकाराचे अंकही बरोबर होते. चूक फक्त अनुक्रमाच्या शेवटच्या दोन अंकांत होती, 18 च्या जागी 81. अनुक्रमाने वाटलेल्या क्रमांकांत 4718 या खात्यानंतर त्रेसष्ट खाती उघडली की 4781 येतेच. दोन्ही खाती खरी, दोन्ही चालू, एकाच शाखेतील. संगणकाला त्यात वावगे काही दिसण्याचे कारणच नव्हते.

काही बँका क्रमांकात एक तपासणी अंक ठेवतात. तो आधीच्या सर्व अंकांवरून ठराविक गणिताने काढलेला असतो. दोन अंकांची अदलाबदल झाली की गणित जुळत नाही आणि असा क्रमांकच नाही, हे बँकेला कळते. हुंडीतील ‘निमे’ आणि हा अंक यांचा हेतू एकच. पण ही रीत सर्व बँकांत नाही, आणि जेथे आहे तेथेही ते गणित त्या बँकेलाच ठाऊक असते. पुण्यातून पैसे पाठविणारी बँक सांगलीच्या बँकेचा क्रमांक तपासू शकत नाही. युरोपातील आयबीएएन या क्रमांकात असे दोन तपासणी अंक सर्वांसाठी एकाच पद्धतीने ठेवलेले असतात आणि ते कोणतीही बँक पडताळू शकते. भारतात ती पद्धत लागू नाही.

नाव कोण पाहते?

येथे वाचकांच्या मनात साहजिकच येईल की क्रमांक चुकला तरी नाव जुळत नव्हते, मग बँकेने रक्कम जमा कशी केली? याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात आहे. त्यानुसार खाते क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पैसे पाठविणाऱ्याची आहे आणि घेणारी बँक केवळ क्रमांक पाहून रक्कम जमा करू शकते. ही तरतूद १ जानेवारी २०११ पासून लागू झाली. रोज येणाऱ्या असंख्य व्यवहारांत माणसाने नावे ताडून पाहणे शक्य नाही. शिवाय पेढीचे नाव एक जण संक्षेपात लिहितो, दुसरा पूर्ण लिहितो. नाव हट्टाने जुळवायचे ठरले, तर निम्मे योग्य व्यवहारही परत जातील. म्हणून पावतीवरील नाव हा पुरावा नव्हे. पावतीवरील क्रमांक हा पुरावा.

ही उणीव आता बरीच भरून निघाली आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी सर्व बँकांना सूचना दिली की, एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठविण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून द्यावी. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की घेणाऱ्या बँकेच्या दप्तरात त्या खात्यावर जे नाव आहे, तेच पडद्यावर येते. शाखेत जाऊन पैसे पाठविणाऱ्यांनाही ही सोय आहे आणि तिला शुल्क नाही. मार्केट यार्डातील पेढीला त्या वेळी ही सोय मिळाली असती, तर तिसऱ्याच व्यापाऱ्याचे नाव समोर येऊन हात थांबला असता.

या सोयीचेही एक मर्म आहे. ती फक्त नाव दाखविते. पैसे थांबवीत नाही. निर्णय पाठविणाऱ्याचाच. एकमालकी पेढी असेल, तर पेढीऐवजी मालकाचे नाव दिसू शकते. अशा वेळी ‘चालेल’ म्हणून पुढे न जाता एक दूरध्वनी करावा. हा दूरध्वनी वहीतील जुन्या क्रमांकावर करावा, बिलावर किंवा संदेशात आलेल्या नव्या क्रमांकावर नव्हे. ‘आमचे खाते बदलले आहे, यापुढे रक्कम येथे पाठवावी’ असा खोटा संदेश धाडून व्यापाऱ्यांची रक्कम पळविण्याचे प्रकार घडतात. असा संदेश आला की आधी आयएफएससी वाचावा. सांगलीच्या पेढीचे खाते एकाएकी दूरच्या राज्यातील शाखेत कसे गेले, हा प्रश्न रक्कम पाठविण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

रक्कम चुकीच्या खात्यात गेल्यावर

पुण्याच्या पेढीने चूक लक्षात येताच आपल्या बँकेला लेखी कळविले. अर्जात व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, रक्कम, टंकलेला खाते क्रमांक आणि खरा खाते क्रमांक असे सर्व दिले, आणि सोबत सांगलीच्या पेढीच्या रद्द केलेल्या धनादेशाची प्रत जोडली. यूटीआर हा प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो पावतीवर आढळतो. त्याच्यावाचून शोध पुढे सरकत नाही.

पाठविणाऱ्या बँकेने घेणाऱ्या बँकेला कळविले. पण घेणारी बँक आपल्या खातेदाराच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून रक्कम काढून देऊ शकत नाही. ती त्याच्याशी संपर्क साधते आणि संमती मागते. येथे तो व्यापारी सरळ निघाला. त्याने आपला खातेउतारा पाहिला, अनोळखी जमा मान्य केली आणि संमतीपत्र दिले. तरी रक्कम परत येण्यास एकोणीस दिवस लागले. तोवर सांगलीच्या पेढीने हळदीचा पुढचा माल रोखून धरला होता, आणि पुण्याच्या पेढीला दुसरीकडून तजवीज करावी लागली.

खातेदार नकार देता तर? चुकून मिळालेली रक्कम परत करण्याचे बंधन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ मध्ये आहे. पण ते अमलात आणण्यासाठी वकील, नोटीस आणि न्यायालय ही वाट धरावी लागते. अर्ज देऊन तीस दिवसांत आपल्या बँकेने काहीच उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पण ती बँकेच्या दिरंगाईबद्दल; मूळ चूक आपली असेल, तर तिची भरपाई तेथे मिळत नाही.

वहीतील एक पान

या प्रसंगानंतर त्या पेढीने एक साधी शिस्त घालून घेतली. प्रत्येक देणेकऱ्यासाठी वहीत एक पान ठेवले. त्यावर त्याच्या रद्द केलेल्या धनादेशाची प्रत चिकटविली जाते. दूरध्वनीवर ऐकलेला क्रमांक लिहिला जात नाही. प्रतीवरून क्रमांक एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने टंकायचा. पडद्यावर आलेले नाव पानावर तारखेसह लिहायचे. नव्या खात्यावर प्रथम केवळ एक रुपया पाठवायचा, आणि तो मिळाल्याचे समोरच्याने आपल्या खातेउताऱ्यात पाहून सांगितल्यावरच बाकी रक्कम सोडायची. वर्षाच्या आरंभी नव्या वह्या घातल्या जातात तेव्हा सर्व पाने एकदा पडताळायची, म्हणजे मधल्या काळात एखाद्या बँकेचे विलीनीकरण झाले असेल तर तेही ध्यानात येते.

लेखनिक अजून त्याच पेढीवर आहे. टंकलेला क्रमांक तो आता शेवटच्या अंकापासून उलटा वाचून प्रतीशी ताडतो. सरळ वाचताना डोळा सवयीने पुढचे अंक गृहीत धरतो. उलटे वाचताना प्रत्येक अंक निराळा पाहावा लागतो, आणि अदलाबदल झालेली जोडी तेथेच सापडते.